कोणापैकी किती? एचआयव्हीच्या चाचणीतून सशर्त संभाव्यता

सशर्त संभाव्यतेचं सूत्र पाठ असतं, पण गणितात शब्द आले की गोंधळ उडतो. याचं कारण बहुतेक वेळा आकडेमोडीत नसतं. छेदात कोण आहे हे ठरवायच्या आधीच आकडे सूत्रात टाकले जातात. मराठीत त्यासाठी एक फार कामाचा शब्द आहे: ‘पैकी’. प्रत्येक टक्केवारी समोर आली की आधी विचारायचं, कोणापैकी? खाली एचआयव्हीच्या तपासणीचं एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं आहे. ते नीट कळलं तर भारतात निदानासाठी तीन चाचण्या का करतात, आणि लक्षणं असलेल्या रुग्णाला दोन का पुरतात, हेही कळतं.

उदाहरणातले आकडे

एचआयव्हीची प्राथमिक तपासणी बोटातून किंवा शिरेतून घेतलेल्या रक्तावर करतात. अशा चाचणीत शक्यतो विषाणू थेट शोधत नाहीत. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, शोधतात. आपण एक चाचणी घेऊ जिची सेन्सिटिव्हिटी ९९.५ टक्के आणि स्पेसिफिसिटी ९८ टक्के आहे. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारात दोन. लक्षणं नसलेली, विशेष जोखीम नसलेली एक व्यक्ती चाचणी करते आणि निकाल पॉझिटिव्ह येतो. तिला खरोखर लागण झालेली असण्याची संभाव्यता किती?

उत्तर वाचण्याआधी मनात एक आकडा धरा आणि तो वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

पहिली पायरी: प्रत्येक आकड्याला ‘कोणापैकी’ विचारा

लागण असणं ही घटना D, लागण नसणं D′ आणि चाचणी पॉझिटिव्ह येणं T असं मानू. मग दिलेले तीन आकडे असे वाचायचे.

P(D) = ०.००२. कोणापैकी? सगळ्या प्रौढांपैकी. इथे अट काहीच नाही.

P(T|D) = ०.९९५. कोणापैकी? फक्त लागण असलेल्यांपैकी. उभ्या रेषेच्या उजवीकडे जे लिहिलं आहे तोच गट छेदात जातो. ही सेन्सिटिव्हिटी.

P(T′|D′) = ०.९८. कोणापैकी? फक्त लागण नसलेल्यांपैकी. ही स्पेसिफिसिटी. यावरून P(T|D′) = १ − ०.९८ = ०.०२, म्हणजे लागण नसलेल्या दर शंभरांपैकी दोघांची चाचणी चुकून पॉझिटिव्ह येते. यालाच फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात.

आणि विचारलं काय आहे? P(D|T). कोणापैकी? चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी. हा छेद वरच्या तिन्हींपेक्षा वेगळा आहे. तो गणितात कुठेच दिलेला नाही, तो आपल्याला तयार करावा लागतो. गणिताची सगळी मेहनत तेवढीच आहे.

इथे एक चूक सर्रास होते. P(T|D) ०.९९५ आहे म्हणून P(T|D′) ०.००५ असणार असं धरलं जातं. या दोन संख्यांची बेरीज १ व्हायचं काही कारण नाही, कारण दोघींचे छेद वेगळे आहेत. बेरीज १ होते ती एकाच अटीखालच्या दोन पूरक घटनांची: P(T|D) आणि P(T′|D). म्हणजे १ मधून वजा करताना रेषेच्या डावीकडची बाजू उलटते, उजवीकडची तशीच राहते.

दुसरी पायरी: टक्के सोडा, माणसं मोजा

आता एक लाख लोक समोर उभे आहेत असं धरा. लाखच का? कारण ०.२ टक्क्याच्या पुन्हा ९९.५ टक्के काढायचे आहेत आणि उत्तर पूर्ण माणसांत यायला हवं. हजार लोक घेतले तर लागण असलेले दोनच निघतात आणि त्यांचे ९९.५ टक्के म्हणजे १.९९ माणसं होतात. गणित चुकत नाही, पण चित्र डोळ्यांसमोर येत नाही.

लाखांपैकी लागण असलेले २००. त्यांच्यापैकी ९९.५ टक्के, म्हणजे १९९ जणांची चाचणी पॉझिटिव्ह येईल आणि एकजण सुटेल. उरलेले ९९,८०० लागण नसलेले. त्यांच्यापैकी २ टक्के, म्हणजे १,९९६ जणांची चाचणी चुकून पॉझिटिव्ह येईल आणि ९७,८०४ जणांची बरोबर निगेटिव्ह येईल.

| | लागण आहे | लागण नाही | एकूण |
|---|---|---|---|
| चाचणी पॉझिटिव्ह | १९९ | १,९९६ | २,१९५ |
| चाचणी निगेटिव्ह | १ | ९७,८०४ | ९७,८०५ |
| एकूण | २०० | ९९,८०० | १,००,००० |

तक्ता भरताना क्रम पाळा. आधी तळाची ओळ प्रादुर्भावाच्या प्रमाणावरून भरा. मग प्रत्येक उभा रकाना सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी वापरून वरून खाली भरा. उजवीकडच्या बेरजा सगळ्यात शेवटी करा. तपासणी सोपी आहे: उजवा रकाना खाली बेरीज करून एक लाख यायला हवेत. ९८ टक्के लाखावर लावून ९८,००० लिहिले गेले असतील तर तिथेच बेरीज चुकते आणि चूक पकडता येते.

तिसरी पायरी: तक्ता आडवा वाचा

दिलेले आकडे उभ्या रकान्यांचे होते. प्रश्न आडव्या ओळीचा आहे. पॉझिटिव्ह आलेले एकूण २,१९५, त्यांच्यापैकी लागण असलेले १९९.

P(D|T) = १९९ / २,१९५ ≈ ०.०९१

म्हणजे सुमारे ९ टक्के. चाचणी इतकी चांगली असूनही, पॉझिटिव्ह आलेल्या दर अकरा जणांपैकी साधारण दहा जणांना लागण नाही. तक्त्यात कारण उघड दिसतं. चाचणी चुकते क्वचितच, शंभरात दोनदा, पण ती चुकायला ९९,८०० माणसं आहेत. बरोबर पकडायला मात्र २०० च आहेत. मोठ्या गटाचा छोटासा हिस्सा छोट्या गटाच्या जवळजवळ सगळ्या संख्येला झाकून टाकतो.

आता बेझचं सूत्र लिहू या.

P(D|T) = P(T|D)·P(D) / [ P(T|D)·P(D) + P(T|D′)·P(D′) ]

= (०.९९५ × ०.००२) / (०.९९५ × ०.००२ + ०.०२ × ०.९९८)

= ०.००१९९ / (०.००१९९ + ०.०१९९६)

= ०.००१९९ / ०.०२१९५ ≈ ०.०९१

या सूत्रातली प्रत्येक संख्या तक्त्यातल्या एका घराला लाखाने भागून आलेली आहे. ०.००१९९ म्हणजे १९९ चं घर, ०.०१९९६ म्हणजे १,९९६ चं. छेदातली बेरीज म्हणजे पहिल्या ओळीची बेरीज. पाठ केलेलं सूत्र परीक्षेत आठवलं नाही तरी तक्त्यावरून ते पुन्हा लिहिता येतं.

वहीच्या कोपऱ्यात ९९ किंवा ९९.५ लिहिलं असेल तर तुम्ही P(T|D) लिहिलंत, P(D|T) नाही. १९७८ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय वर्तुळातल्या ६० जणांना, म्हणजे डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना, असाच प्रश्न विचारला होता: आजार हजारात एकाला, फॉल्स पॉझिटिव्ह ५ टक्के, तर पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यता किती? ९५ टक्के हे उत्तर सगळ्यात जास्त जणांनी दिलं. बरोबर उत्तर, सुमारे २ टक्के, ६० पैकी ११ जणांनाच आलं. हजार लोक घेऊन पाहा: खरा पॉझिटिव्ह एक, खोटे साधारण ५०, म्हणून एक्कावन्नांपैकी एक. त्या प्रश्नात सेन्सिटिव्हिटी दिलीच नव्हती, ती १०० टक्के धरावी लागते. परीक्षेत असं गृहीत धरावं लागलं तर उत्तरात तसं स्पष्ट लिहावं.

प्रादुर्भाव बदलला की उत्तर बदलतं

तीच चाचणी, तोच संच, तोच तंत्रज्ञ. पण आता तपासणीसाठी आलेल्या गटात लागणीचं प्रमाण १० टक्के आहे असं धरा. लाखात १०,००० बाधित, त्यांपैकी पॉझिटिव्ह ९,९५०. उरलेल्या ९०,००० पैकी खोटे पॉझिटिव्ह १,८००. म्हणजे P(D|T) = ९,९५० / ११,७५० ≈ ०.८५. नऊ टक्क्यांवरून थेट पंच्याऐंशी.

म्हणून ‘या चाचणीचा पॉझिटिव्ह निकाल किती खरा’ या प्रश्नाला नुसतं चाचणीकडे पाहून उत्तर देता येत नाही. सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी चाचणीच्या बाजूने येतात, P(D) तपासायला बसलेल्या माणसांच्या बाजूने येतं. गणितात P(D) दिलेलं नसेल तर P(D|T) काढता येत नाही, हे ठामपणे लिहायला कचरू नका.

दुसरी आणि तिसरी चाचणी

नऊ टक्क्यांच्या आधारावर कोणालाही ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ असं सांगता येणार नाही. म्हणून पॉझिटिव्ह आलेल्यांची दुसरी चाचणी करतात. इथे नवशिक्यांकडून होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुसऱ्या वेळीही P(D) ०.००२ च घेणं. दुसऱ्या चाचणीला ते लाख लोक येतच नाहीत, २,१९५ च येतात, आणि त्यांच्यात बाधितांचं प्रमाण ९ टक्के आहे. पहिल्या चाचणीचं उत्तर हीच दुसऱ्या चाचणीची सुरुवात.

दुसरी चाचणीही तेवढ्याच दर्जाची धरू. १९९ बाधितांपैकी ९९.५ टक्के, म्हणजे सुमारे १९८ पुन्हा पॉझिटिव्ह. १,९९६ जणांपैकी २ टक्के, म्हणजे सुमारे ४० पुन्हा चुकून पॉझिटिव्ह. आता १९८ / २३८ ≈ ०.८३. तिसरी चाचणी: १९८ पैकी सुमारे १९७, आणि ४० च्या २ टक्के म्हणजे ०.८, जवळपास एक माणूस. १९७ / १९७.८ ≈ ०.९९६.

९ टक्के, ८३ टक्के, ९९.६ टक्के. लक्षणं नसलेल्या व्यक्तीत तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्यावरच एचआयव्हीचं निदान करायचं, हा आपल्याकडच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा नियम या आकड्यांतून समजतो. एड्सकडे बोट दाखवणारी लक्षणं असतील तर दोन पॉझिटिव्ह चाचण्या पुरेशा धरतात. का? लक्षणं हीसुद्धा एक अटच आहे. ती लावली की सुरुवातीचं P(D) ०.२ टक्के राहत नाही, बरंच वर जातं. वरचं १० टक्क्यांचं उदाहरण पुढे न्या: पहिल्या चाचणीनंतर ८५ टक्के, दुसऱ्यानंतर ९९.६ टक्के. तिसरीची गरज उरत नाही.

हेच तोंडी करायची एक पद्धत आहे. संभाव्यतेऐवजी बाधित आणि अबाधित यांचं गुणोत्तर लिहा. सुरुवातीला २ : ९९८, म्हणजे जवळपास १ : ५००. आता ०.९९५ ला ०.०२ ने भागा, ४९.७५ येतात, जवळपास ५०. प्रत्येक पॉझिटिव्ह निकालाने गुणोत्तराची डावी बाजू ५० पट होते. १ : ५०० चं ५० : ५००, म्हणजे १ : १०. मग ५० : १०, म्हणजे ५ : १. मग २५० : १. गुणोत्तरावरून संभाव्यता हवी असेल तर डावी बाजू भागिले दोन्हींची बेरीज: १/११, ५/६, २५०/२५१. तक्ता न मांडता तीच उत्तरं मिळतात. या ५० ला लाइकलीहूड रेशो म्हणतात.

आर ही संगणकभाषा वापरत असाल तर हा ताळा करून बघा:

```r
p <- 0.002; se <- 0.995; sp <- 0.98
for (i in 1:3) {
  p <- p*se / (p*se + (1-p)*(1-sp))
  print(round(p, 4))
}
```

पडद्यावर 0.0907, 0.8322 आणि 0.996 असे तीन आकडे येतील. p ची किंमत लूपमध्ये प्रत्येक वेळी बदलते आहे, तिकडे लक्ष द्या. ‘आधीचं उत्तर पुढची सुरुवात’ हे त्या एका ओळीत आहे.

तीच चाचणी तीनदा केली तर?

वर आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरली: पहिल्या वेळी चुकून पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी दुसऱ्या वेळीही २ टक्केच चुकतील. म्हणजे लागण आहे की नाही हे ठरल्यावर दोन चाचण्यांचे निकाल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. याला सशर्त स्वातंत्र्य म्हणतात. नुसतं ‘स्वतंत्र’ म्हणणं इथे चूक आहे. सगळ्या लोकांमध्ये पाहिलं तर दोन्ही निकाल अजिबात स्वतंत्र नाहीत. पहिली पॉझिटिव्ह आली तर दुसरी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आसपासून वाढून साधारण ११ टक्के होते: २३८ / २,१९५.

आता फॉल्स पॉझिटिव्ह येतो कसा ते पाहा. काही वेळा तो नुसता हाताळणीतला दोष असतो: नमुन्यांची अदलाबदल, पट्टी ठरलेल्या वेळेनंतर वाचणं. पण काही वेळा त्या व्यक्तीच्या रक्तातच दुसऱ्या कारणाने तयार झालेली अशी प्रतिपिंडं असतात जी चाचणीतल्या प्रतिजनाला, म्हणजे अँटिजेनला, चिकटतात. अशा व्यक्तीचं रक्त त्याच कंपनीच्या त्याच संचावर पुन्हा लावलं तर पुन्हा तीच रेघ उमटणार. समजा १,९९६ पैकी ७० टक्के दुसऱ्या वेळीही पॉझिटिव्ह आले, म्हणजे १,३९७. बाधित १९९ च्या १९९ पुन्हा पॉझिटिव्ह आले. उत्तर १९९ / १,५९६, म्हणजे साडेबारा टक्के. ९ वरून ८३ वर जाण्याऐवजी जेमतेम साडेबारावर.

त्यामुळे निदानाच्या तीन चाचण्या वेगवेगळ्या प्रतिजनांवर किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या असाव्यात असा नियम आहे. वेगळ्या चाचण्या घेतल्यानेही सशर्त स्वातंत्र्य पुरतं मिळत नाही, फक्त आपण त्याच्या जवळ जातो. गणितात निकाल गुणत जाण्याआधी ‘लागणीची स्थिती दिली असता चाचण्या स्वतंत्र आहेत असे मानू’ हे वाक्य लिहा. ते नसेल तर गुणाकाराला आधार नाही.

निगेटिव्ह निकालाचं गणित

तक्त्याची दुसरी ओळ पाहा. निगेटिव्ह आलेल्या ९७,८०५ पैकी लागण असलेला एकच. इतक्या कमी प्रादुर्भावात एका निगेटिव्ह निकालावर थांबता येतं ते यामुळे. मात्र इथे ९९.५ टक्क्यांमागची अट विसरू नये. लागण झाल्यावर प्रतिपिंडं मोजता येण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. त्या काळात चाचणी केली तर ‘लागण असलेल्यांपैकी’ हा छेदच वेगळा असतो आणि ९९.५ हा आकडा तिथे लागू पडत नाही. म्हणून अलीकडे जोखीम घडली असेल तर निगेटिव्ह आल्यावरही पुन्हा बोलावतात.

रक्तपेढीत हाच तक्ता उलट्या काळजीने वाचतात. तिथे धास्ती त्या सुटलेल्या एका पिशवीची असते, १,९९६ चांगल्या पिशव्या वाया जाण्याची नाही. म्हणून दान केलेलं रक्त एकाच पॉझिटिव्ह निकालावर टाकून देतात. पण तो निकाल दात्याचं निदान ठरत नाही. त्याला समुपदेशन आणि चाचणी केंद्रात पाठवतात, कारण पिशवीसाठी घेतलेल्या निर्णयाचा P(D|T) दात्यासाठी जेमतेम ९ टक्के असू शकतो.

स्वतः सोडवायला

जागतिक आरोग्य संघटना पूर्वी ५ टक्के प्रादुर्भावाची रेषा धरत असे: त्याच्या वर दोन पॉझिटिव्ह चाचण्यांवर निदान, त्याच्या खाली तीन. २०१९ पासून मात्र ती सगळीकडे तीनकडे वळायला सांगते, कारण तपासणीला येणाऱ्यांमध्ये नव्याने सापडणाऱ्यांचं प्रमाण सगळीकडे घटत गेलं. पॉझिटिव्ह निदान किमान ९९ टक्के खरं असावं, हे उद्दिष्ट मात्र तेच आहे. आपल्याच चाचणीचे आकडे घेऊन लाख लोकांचा तक्ता ५ टक्क्यांसाठी मांडा. पहिल्या चाचणीनंतर ४,९७५ आणि १,९००, दुसरीनंतर ४,९५० आणि ३८ यायला हवेत. ४,९५० / ४,९८८ म्हणजे ९९.२ टक्के, उद्दिष्टाच्या किंचित वर. मग तेच १ टक्क्यासाठी करा. दोन चाचण्यांनंतर ९६ च्या आसपास आलात तर तक्ता बरोबर भरला आहे. पहिल्याच चाचणीनंतर ९९ आलं असेल तर तळाची ओळ राहून गेली आहे, ती भरून पुन्हा सुरुवात करा.